कन्नड समजतं, पण काउंटरवर जीभ उचलत नाही

‘ताई, नमस्कार. मी शहापूरची, वय 34. शिक्षण सगळं मराठीतून. एका पतसंस्थेत कॅश काउंटरला आहे. चार महिन्यांमागं बैलहोंगल शाखेत बदली झाली. कन्नड लहानपणापासून कानावर आहे, समजतं सगळं, पण बोलायची वेळ आली की जीभ उचलत नाही. शाखेतल्या सवदत्तीच्या अक्का रोज सकाळी सातला मोबाईलवर एक विषय लिहून पाठवतात, आज यावर कन्नडमधून बोल म्हणून. माझं बालपण, प्रवासाचे फायदे, आवडता सण, असे. मी वहीत लिहून काढते, मग वाचून रेकॉर्ड करते आणि पाठवते. त्या छान म्हणतात. महिना झाला हे चाललंय. पण खातेदार समोर आला की पुन्हा हौद्री, इल्लरी, म्हणजे हो-नाही, एवढंच. घरी सासरे म्हणतात, आपल्याला हे कशाला पाहिजे. सोडून देऊ का? की माझंच काही चुकायलंय?’
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

सोडू नका. अक्कांनाही सोडू नका, रोज सकाळी सातला आठवणीनं काही पाठवणारं माणूस सहज मिळत नाही. बदलायचा आहे तो विषय, आणि त्यानंतरची तुमची दहा मिनिटं.

प्रवासाचे फायदे तुम्हाला बैलहोंगलात कोण विचारणार आहे? हा शाळेतल्या निबंधाचा विषय झाला. निबंधात समोर माणूस नसतो, घाई नसते आणि बोलून काही घडवून आणायचंही नसतं. काउंटरवर तिन्ही असतं. त्यामुळं निबंध कितीही चांगला जमला तरी तो काउंटरवर उपयोगी पडत नाही. सकाळच्या विषयात एक माणूस हवा, त्याचं एक काम हवं आणि तुमच्या बोलण्यानं त्या कामाचं काहीतरी व्हायला हवं. ‘शेतकरी हप्ता भरायला आलाय, सर्वर बंद आहे, त्याला काय सांगशील?’ हा विषय झाला. ‘आजीबाई पेन्शन आली का विचारतात, अजून जमा झालेली नाही’ हाही झाला. दोन वाक्यांत मावतो आणि ऐकताक्षणी तोंड उघडावं लागतं.

दुसरी गोष्ट तुमच्या वहीची. लिहून काढून वाचणं म्हणजे वाचनाचा सराव, बोलण्याचा नव्हे. लिहिताना तुम्ही एका शब्दापाशी दोन मिनिटं थांबू शकता, खोडू शकता, नवऱ्याला विचारू शकता. बोलताना नेमकं तेच करता येत नाही, आणि जमवायचं आहे ते तेच आहे. अक्कांचं ‘छान’ खोटं नाही, पण ते तुमच्या वहीला आहे.

समजतं पण बोलता येत नाही, ही काही तुमच्या एकटीची गत नव्हे. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं सगळे विषय फ्रेंचमधून शिकतात अशा शाळा आहेत. तिथल्या मुलांचं ऐकणं-समजणं जवळजवळ फ्रेंच मुलांइतकं होई, बोलणं मात्र वर्षानुवर्षं कच्चं राही. मेरिल स्वेन या भाषा-अभ्यासक बाईंनी 1985 मध्ये त्याचं एक कारण मांडलं: ऐकणाऱ्याचं भागून जातं. दोन ओळखीचे शब्द आणि प्रसंग यांवरून अर्थ लागतो, क्रियापदाचा शेवट ऐकला नाही तरी चालतं. बोलणाऱ्याला तो शेवट स्वतः जोडावा लागतो, आणि तेव्हाच आपल्याला तो येत नाही हे कळतं. तुम्हीही बेळगावच्या बाजारात आयुष्यभर कन्नड ऐकलंत ते असंच, शेवट सोडून.

मराठी माणसाला कन्नड बोलताना नडतात ते हे शेवटच. बाकी बरंचसं फुकट मिळालेलं आहे. वाक्याची ठेवण सारखीच आहे. ‘कंत कट्टबेक अंतान’ याच्या शब्दाखाली शब्द ठेवला तर ‘हप्ता भरायचाय म्हणतो’ असंच येतं. ‘निमग एष्ट रोक्क बेकु?’ म्हणजे ‘तुम्हाला किती पैसे पाहिजेत?’, त्यात एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. ळ आणि ण आपल्या तोंडात आहेतच. तेव्हा डोक्यात मराठी वाक्य तयार होतं म्हणून लाजू नका, सीमाभागातल्या माणसाचा तो फायदा आहे. फक्त क्रियापद आलं की सावध व्हायचं.

दोन जागा सांगते, तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये शंभर टक्के सापडतील. पहिली म्हणजे निर्जीव वस्तूंचं लिंग. मराठीत बस आली, पावती आली, लाईट गेली. कन्नडमध्ये निर्जीव ते सगळं नपुंसक: बस बंतु, पावती बंतु, लाईट होतु. आपल्या तोंडून मात्र ‘लाईट होदळु’ येतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की लाईट नावाची कोणी बाई उठून गेली. दुसरी जागा भूतकाळाची. ‘तुम्ही पैसे कधी भरले?’ यात आपलं क्रियापद पैशांच्या मागं जातं. कन्नडमध्ये ते माणसाच्या मागं जातं: ‘नीव यावाग रोक्क कट्टिद्री?’ मराठी डोकं तिथं ‘कट्टितु’ म्हणून मोकळं होतं. कन्नड माणसाला तुम्हाला काय म्हणायचंय ते कळतं, म्हणून तो बोलत नाही, आणि चूक तशीच घट्ट होत जाते. महिनाभर अक्का ‘छान’ म्हणाल्या त्याचं कारण थोडंफार हेही असेल.

आता सकाळचं बघू. अक्कांना सांगा, विषय लिहून पाठवू नका, बोलून पाठवा. दहा-पंधरा सेकंदांचा व्हॉइस मेसेज पुरे. याला एक कारण आहे. आपण कन्नड देवनागरीत लिहितो तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ यांतला फरक बुडतो, कारण आपल्या लिपीत त्यासाठी वेगळी खूणच नाही. तुमच्याच कामातला शब्द घ्या: पीककर्जाला ‘बेळे साल’ म्हणतात. त्यातला ए आखूड आहे. तोच लांबवला की बेळे म्हणजे डाळ. वहीत दोन्ही सारखेच दिसतात, आणि तुम्ही शेतकऱ्याला डाळीचं कर्ज हवंय का विचारून बसता. (किंमत म्हणजे ‘बेले’, तिथं ळ नाही, ल आहे. हे तिन्ही शब्द अक्कांकडून एकदा एकापाठोपाठ म्हणवून घ्या.) वर मी लिहिलेली कन्नड वाक्यंसुद्धा तुम्ही डोळ्यांनी पाठ करू नका, अक्कांच्या तोंडून ऐका. या सदरात मला दुसरा इलाज नाही, तुम्हाला आहे.

मेसेज एकदा ऐकायचा, फार तर दोनदा. मग मनात दहापर्यंत मोजेतो बोलायला सुरुवात करायची. शब्द सापडो न सापडो, रेकॉर्डिंग चालू आणि तोंड उघडलेलं. एक मिनिटाच्या आत थांबायचं. मग ते ऐकायचं आणि लगेच दुसऱ्यांदा तेच बोलायचं. अक्कांना दुसरं पाठवा, पहिलं तुमच्याजवळ ठेवा, त्याचं काम पुढं आहे. मध्ये शब्द अडला तर त्या जागी मराठी शब्द टाकून पुढं जा. ‘सर्वर… सुरू झाला की… बर्री’, म्हणजे या, असं चालेल. थांबून राहणं चालणार नाही, कारण खातेदार थांबत नाही. अडलेला तो शब्द मात्र लक्षात ठेवून दुपारी अक्कांना विचारा.

हे सगळं घरी, मोठ्यानं. बसमध्ये नको, तिथं ओठांतल्या ओठांत पुटपुटलं जातं आणि आवाज न काढता केलेला सराव तोंडाला कळत नाही. बसचा वेळ कानांना द्या. कंडक्टर ‘मुंद होग्री’, ‘चिल्लर कोड्री’ म्हणतो, पुढं चला, सुटे द्या, त्यातला तो आदराचा ‘री’ कुठं चिकटतो एवढंच आठवडाभर ऐका.

अक्कांसाठीही नियम आहे, आणि तो पाळायला त्यांना जड जाईल: रोज एकच दुरुस्ती. तीही व्याकरण सांगून नको, बरोबर वाक्य नेहमीच्या वेगात म्हणून. तुम्ही ते वाक्य तीनदा म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन मेसेज ऐकायच्या आधी पुन्हा एकदा म्हणायचं. पाच दुरुस्त्या दिल्या की पाचही जातात, शिवाय दुसऱ्या दिवशी तोंड उघडायची हिंमतही जाते. कुठली एक निवडायची? ज्यानं समोरच्याचा अपमान होतो ती आधी, ज्यानं अर्थ बदलतो ती त्यानंतर. उच्चाराची हेल-बील सगळ्यात शेवटी, तिचं काही अडत नाही.

एक आठवडा करूनच दाखवते. सगळा आठवडा एकाच शेतकऱ्यावर. रोज नवा विषय हवा असं अक्कांना वाटेल, पण विषय रोज बदलला की रोज पहिल्या पायरीवरच उभं राहावं लागतं.

सोमवारी अक्का म्हणतात: ‘ओब्ब रैत बंदान. कंत कट्टबेक अंतान. सर्वर बंद ऐती. एन हेळ्ती?’ एक शेतकरी आलाय, हप्ता भरायचाय म्हणतो, सर्वर बंद आहे, काय सांगशील? समजा तुमच्या तोंडून आलं: ‘सर्वर… बंद ऐती. नीव… ऊट आदमेले बा.’ जेवणानंतर ये. निरोप पोचला. पण ‘बा’ म्हणजे ‘ये’, आणि साठीच्या माणसाला तुम्ही ‘ये’ म्हणालात. ‘नीव’ आदराचं आणि ‘बा’ लहानाला म्हणायचं, दोन्ही एकाच वाक्यात. हे होतं कारण घरी, शेजारी लहान मुलांना हाक मारतानाचं कन्नड आपल्या कानात जास्त आहे. अक्कांनी एवढंच परत म्हणायचं: ‘ऊट आदमेले बर्री.’ ‘ऐती’चं ‘ऐत्री’ व्हायला हवं होतं, ते त्यांनी आज सोडून द्यायचं. बर्री घट्ट बसलं की तोच री तिकडं आपोआप जायला लागतो.

मंगळवारी तोच माणूस, पण तो आता गप्प उभा नाही. अक्का त्याच्या आवाजात विचारतात: ‘यावाग आगतैत्री? नाळे बरबेकेनु?’ कधी होईल, उद्या यायचं का? तुमचं उत्तर: ‘नाळे ब्याडरी, ऊट आदमेले आगतैत्री. स्वल्प तडीरी.’ उद्या नको, जेवणानंतर होईल, जरा थांबा. मंगळवारच्या सरावाचं मोल यात आहे की प्रश्नातलाच शब्द उचलून उत्तरात ठेवता येतो. त्यानं विचारलं ‘आगतैत्री?’, तुम्ही म्हणालात ‘आगतैत्री’. बोलताना शब्द सुचण्याचा निम्मा वेळ यानं वाचतो, आणि ते हौद्री-इल्लरीच्या पुढचं पहिलं पाऊल आहे. नुसतं ‘हौद्री’ म्हणायचा मोह झाला की प्रश्नातलं क्रियापद त्याच्यामागं जोडायचं, एवढी एकच सवय लावलीत तरी खातेदाराला फरक जाणवेल.

बुधवारी शेतकरी नाही. अक्का विचारतात, काल काय झालं? आता तुम्हाला घडलेलं सांगायचं आहे: ‘निन्ने ओब्ब रैत बंदिद्द. सर्वर बंद इत्तु. ऊट आदमेले बंदु कंत कट्टिद.’ तीन वाक्यं, आणि वर म्हटलेल्या दोन्ही जागा यात आल्या. माणसाला बंदिद्द आणि कट्टिद, सर्वरला इत्तु. आपण मराठीत ‘त्यानं हप्ता भरला’ म्हणतो, तिथं हप्त्याकडं बघतो. इथं भरणाऱ्याकडं बघायचं. बुधवारी अडखळायला होईल, सोमवारपेक्षा जास्तच. तसं व्हायलाच हवं. सोमवारची वाक्यं तुम्ही ऐकून उचलली होतीत, आज शेवट जोडायचे आहेत. याच दिवशी बरेचजण पुन्हा वही उघडतात. उघडू नका, पाहिजे तर तीनऐवजी दोनच वाक्यं बोला.

गुरुवारी नवीन काहीच नाही. बुधवारचीच हकीकत तीनदा सांगायची, वेळ कमी करत: आधी एक मिनिटात, मग पाऊण मिनिटात, मग अर्ध्या. ही युक्ती माझी नाही. परदेशी भाषा शिकवणारे ती फार वर्षं वापरतात, न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी ती बरीच पसरवली. मूळ रीतीत तेच बोलणं तीन वेगळ्या माणसांना चार, तीन आणि दोन मिनिटांत सांगतात. आपल्या तीन वाक्यांना चार मिनिटं म्हणजे ताणून धरणं होईल, म्हणून मी मिनिटावर आणलं. वेळ कमी केला की होतं काय? मजकूर तोच असल्यानं काय बोलायचं याचा विचार करावा लागत नाही, सगळं लक्ष कसं बोलायचं यावर जातं. मधली अं-अं गळतात. तिसऱ्या वेळी शब्द गिळले जायला लागले, शेवट ऐकूच येईनात, तर अर्धं मिनिट फार कमी झालं असं समजा आणि चाळीस सेकंदांवर या. वेग ही खूण नाही, अखंडपणा ही आहे.

शुक्रवारी सकाळी फक्त कालचं एकदा म्हणून घ्या आणि त्या दिवशी काउंटरवर यातलं एक वाक्य खऱ्या खातेदाराला बोला. एकच. कुठलं ते बसमध्येच ठरवा. सर्वर बंद पडायची वाट बघायला नको, ‘स्वल्प तडीरी’ दिवसातून कधीही बोलता येतं, ‘इल्ली सही माड्री’, इथं सही करा, हेही येतं. शनिवारी अक्कांनी न सांगता प्रसंग थोडा फिरवायचा: शेतकऱ्याऐवजी त्याची बायको आली, किंवा हप्त्याऐवजी पासबुक. चार दिवस घोटलेलं नव्या जागी वापरता येतंय का, ते तिथं कळतं. रविवारी सुट्टी, अक्कांनाही. रोज पाठवणाऱ्या माणसाचा कंटाळा हा या सगळ्या उद्योगाला असलेला सर्वांत मोठा धोका आहे. म्हणून म्हणते, त्यांच्याकडून आठवड्याला एकच प्रसंग घ्या, रोज नवीन मागू नका.

अडचणी कुठं येतील ते सांगते. पहिली बेळगावची खास आहे. इथं कन्नड माणसाला मराठी येतं, आणि तुम्ही अडखळलात की तो चांगुलपणानं मराठीवर येतो. बैलहोंगलात हे कमी, पण शाखेतले सहकारी करतीलच. त्यांना सांगून ठेवा की सकाळी पहिला अर्धा तास माझ्याशी मराठीत बोलायचं नाही. दिवसभराची अट घालू नका, तिसऱ्या दिवशी मोडेल. खातेदारासाठी दोन वाक्यं जवळ ठेवा: ‘इन्नोम्मे हेळ्री’ आणि ‘सावकाश हेळ्री’. पुन्हा सांगा, सावकाश सांगा. समजलं नाही म्हणून गप्प राहिलात की तो भाषा बदलतो, त्याच्याच भाषेत पुन्हा विचारलंत की तो बहुतेक वेळा त्याच भाषेत पुन्हा सांगतो.

दुसरी अडचण कुठलं कन्नड शिकायचं ही. पुस्तकं आणि मोबाईलवरचे धडे ‘बन्नि’, ‘इदे’, ‘मनेयल्लि’ शिकवतात, आपल्याकडं लोक या, आहे, घरात यांसाठी ‘बर्री’, ‘ऐती’, ‘मन्याग’ म्हणतात. पुस्तकातलं चूक नाही, बातम्यांत, सभेत, बेंगळूरच्या माणसाशी तेच लागतं. पण बैलहोंगलच्या काउंटरवर तुम्ही ‘बन्नि’ म्हणालात तर बोलणं परक्यासारखं वाटतं. बोला इथलं, ओळखा दोन्ही. अक्कांनाही बजावा, शुद्ध बोलायला जाऊ नका, सवदत्तीला आईशी बोलता तसं बोला. माणूस शिकवायला बसला की पुस्तकी होतो, आणि मग तुम्ही सकाळी एक कन्नड शिकता आणि दिवसा दुसरं ऐकता.

दिवस चुकला तर चुकला. दुसऱ्या दिवशी दोन प्रसंग करत बसू नका, जिथं थांबला होतात तिथून पुढं. पण बुधवार चुकला तर बुधवारचंच काम करा, तेवढं गाळून गुरुवारवर जाऊ नका.

चाललंय की नाही हे कसं कळणार? अक्कांच्या ‘छान’वरून नाही. पहिली रेकॉर्डिंग्ज ठेवायला सांगितली ती यासाठी. दर दोन आठवड्यांनी एक जुनं आणि एक नवं पाठोपाठ ऐका आणि दोनच गोष्टी बघा: मेसेज संपल्यापासून तुमचा पहिला शब्द किती वेळानं येतो, आणि क्रियापदाच्या आधी तुम्ही अडता का. वाक्याच्या सुरुवातीला शब्द शोधत अडत असाल तर शब्द कमी पडतायत, प्रसंग सोपा करा. वाक्य सुरळीत येऊन शेवटाला अडत असाल तर ती प्रगती आहे, शेवट बसायला वेळ लागतो. कुठंच अडत नसाल तर प्रसंग फार सोपा आहे, किंवा तुम्ही पुन्हा वही वापरायला लागलात. काउंटरवरची खूण वेगळी: खातेदार तुमच्याशी बोलताना मध्येच मराठीवर किंवा हिंदीवर यायचं कमी करतो.

यानं काय होणार नाही तेही ऐकून ठेवा. कर्जाचे कागद वाचता येणार नाहीत, लिपी वेगळी शिकावी लागेल. त्याचं ओझं घेऊ नका, वर्णमालेचा क्रम आपलाच क-ख-ग आहे आणि पाट्या वाचत वाचत अक्षरं बसतात. पण ते या सकाळच्या दहा मिनिटांत घुसवू नका. आणि चिडून भरभर बोलणारा खातेदार समजायलाही यानं फारशी मदत होणार नाही, ते कान तुम्हाला काउंटरवरच मिळतील.

सासऱ्यांशी वाद घालू नका. त्यांच्या पिढीनं 1956 नंतरचं जे पाहिलंय ते तुमच्या-माझ्या दोन वाक्यांनी पुसलं जाणार नाही, आणि ते पुसावं असं माझं म्हणणंही नाही. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. तुमच्या काउंटरवरच्या शेतकऱ्याला आज जेवायच्या आधी सुटायचंय. घरात मराठी आहे तसंच राहू दे, सकाळचं रेकॉर्डिंग गच्चीवर करा.

अक्कांना आज संध्याकाळी एवढंच कळवा: ‘उद्यापासून लिहू नका, बोलून पाठवा. आठवडाभर एकच माणूस. दुरुस्ती रोज एक.’ पहिल्या सोमवारी काय पाठवू असं त्या विचारतील. हे सांगा: एक बाई मुलीच्या फीसाठी ठेव मोडायला आल्यात, ठेवीची पावती घरी विसरल्यात, आणि शाखा बंद व्हायला अर्धा तास राहिलाय.